ठिबकचा खर्च किती वर्षांत वसूल होतो?

अनुदान मंजूर मापदंडावर मिळते, दुकानाच्या बिलावर नव्हे. त्यामुळे हिशेब स्वतःच्या खिशातून गेलेल्या रकमेपासून सुरू करावा. दौंडकडील एक एकर सुरू उसाचे उदाहरण धरू (आकडे नमुन्यादाखल). संचाचा खर्च ६०,००० रुपये, मंजूर खर्च ५०,००० आणि अल्पभूधारकाचे ८० टक्के अनुदान ४०,००० असेल, तर स्वतःची गुंतवणूक २०,००० रुपये होते.

उत्पादन ४० टनांवरून ४६ टन झाले आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला २,७०० रुपये हाती आले, तर वाढ १६,२०० रुपयांची होते. पाणी व विजेची बचत २,००० धरली आणि विद्राव्य खते, आम्ल व दुरुस्तीचे ७,००० वजा केले, तर वर्षाला ११,२०० रुपये उरतात. म्हणजे परतफेड सुमारे १.८ वर्षांत, आणि अनुदानाविना ५.४ वर्षांत.

कालव्याची पाणीपट्टी क्षेत्र व पीक पाहून आकारली जात असेल, तर पाणी कमी वापरूनही ती घटत नाही. तेथे बचतीचा रकाना शून्य ठेवावा. उत्पादनाची तुलना लागणीची लागणीशीच करावी, कारण खोडव्याशी केल्यास ठिबकचे श्रेय फुगते. अनुदान उशिरा आले, तर तोवरचे पूर्ण रकमेवरील व्याजही गुंतवणुकीत मिळवावे.