दोन चहा, तीन मित्र: चिनी-जपानीत मोजताना या चुका टाळा

हॉटेलात बसल्यावर आपण ‘दोन चहा द्या’ म्हणतो. कप म्हणायची गरजच पडत नाही. मँडरिनमध्ये नेमकं उलटं आहे. तिथे चहा गाळला तरी चालतो, कप गाळून चालत नाही. ‘ल्यांग बेइ छा’ म्हणजे दोन कप चहा. चहाचंच बोलणं चालू असेल तर नुसतं ‘ल्यांग बेइ’ पुरतं. पण मराठीच्या सवयीने ‘ल्यांग छा’ म्हटलंत तर वाक्य लंगडं होतं. आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये मोजशब्द लागतोच.

याच तीन शब्दांत दुसरी चूक दडलेली असते. आकडे पाठ करताना दोनला ‘अर’ शिकवतात, म्हणून नवखे लोक ‘अर बेइ छा’ म्हणून मोकळे होतात. मोजशब्दाआधीचा सुटा दोन ‘ल्यांग’ होतो. मग उत्साहात सगळीकडे ल्यांग लावायचं नाही. बारा कपांतला दोन ‘अर’च राहतो (शअर बेइ) आणि ‘दुसरा कप’ म्हणतानाही ‘दी अर बेइ’च.

आणखी एक जपायचं. ‘बेइ’ हे कपात मावणारं माप आहे. कपाट आवरताना दोन रिकामे कप सापडले, तर ते ‘ल्यांग ग बेइत्स’. इथे कप ही वस्तू झाली, म्हणून तिला तिचा वेगळा मोजशब्द ‘ग’ लागला. मराठीत ‘दोन कप’ दोन्हीकडे चालतं, त्यामुळे भाषांतर करताना चहा हवाय की भांडं, हे आधी ठरवावं लागतं.

मित्रांसाठीही ‘ग’च चालतो: ‘सान ग फंगयौ’, तीन मित्र. अनेकवचनाचा ‘मन’ हा प्रत्यय कळला की तो इथेही जोडायचा मोह होतो. मैत्रीणच्या मैत्रिणी करणारे आपण, आकडा तीन असूनही शब्द तसाच राहिला की आपल्याला चुकचुकतं. पण आकडा आणि मोजशब्द आले की ‘मन’ लागत नाही. ‘सान ग फंगयौमन’ चूक. ‘ग’ऐवजी ‘वेइ’ वापरला तर आदर दिसतो, पाहुण्यांसाठी तो शोभतो. स्वतःला मात्र ‘वेइ’ने मोजू नये, ते स्वतःच स्वतःला ‘साहेब’ म्हणवून घेण्यासारखं होईल.

जपानीत अडतं ते जागेवर. ‘दोन कप चहा’चा क्रम तसाच ठेवून ‘निहाइ नो ओचा’ केलं तर व्याकरण बिघडत नाही, पण चहा मागताना असं कोणी बोलत नाही. ‘ओचा ओ निहाइ कुदासाइ’ म्हणतात: आधी चहा, मग किती, मग ‘द्या’. आणि नुसता ओचा मागितला तर सहसा हिरवा चहा येतो. आपल्यासारखा काळ्या पत्तीचा हवा असेल तर ‘कोऽचा’ म्हणायचं. कपाचा मोजशब्द आकड्यागणिक रूप बदलतो: इप्पाइ, निहाइ, सानबाइ. नियम शोधण्यापेक्षा हे तीन शब्द पाढ्यासारखे घोकलेले बरे. तोंडात आलंच नाही तर ‘फुतात्सु’ म्हणा. साध्या कॅफेत ‘कोऽही फुतात्सु’ अगदी सहज चालतं, आपल्या ‘दोन कॉफी’सारखं.

माणसं मोजताना मराठी माणसाला थोडा फायदा आहे. आपल्याकडे दोघे, तिघे, चौघे हे फक्त माणसांसाठीचे शब्द आहेत, पुढे पाच जण. जपानीत अशी खास रूपं दोनवरच संपतात: हितोरी, फुतारी, आणि मग ‘जण’च्या जागी ‘निन’ येतो, सान्निन. चार जण मात्र ‘योनिन’, ‘योननिन’ नव्हे.

खरा घोटाळा ‘मित्रांबरोबर’ म्हणताना होतो. समजा, तुम्हाला निरोप द्यायचाय: ‘तीन मित्रांबरोबर येतोय.’ म्हणजे तुम्ही धरून चार माणसं. जपानीत हे ‘तोमोदाची सान्निन तो इकिमासु’. पण आकडा जरा सरकला आणि ‘तोमोदाची तो सान्निन दे इकिमासु’ झालं, की अर्थ होतो: मित्रांबरोबर येतोय, एकूण तिघे. तोच तीन, पण आता तो तुम्हाला धरून मोजलेला. ‘दे’ लागलेला आकडा सगळ्या टोळीचा असतो, हे लक्षात ठेवा. नाहीतर जागा तिघांची धरली जाईल आणि दारात चौघे उभे.

हॉटेलच्या दारात विचारतीलच: ‘नानमेइसामा देसु का?’, म्हणजे आपण किती जण? त्यातला ‘मेइसामा’ हा गिऱ्हाइकाला आदराने मोजणारा शब्द आहे. ऐकलेला शब्द परत फिरवून ‘योनमेइसामा’ असं उत्तर देऊ नका. ‘योनिन देसु’ एवढंच सांगा.