हळदीचा पिवळा फोनवर वाचता यावा म्हणून

सदाशिव पेठेतील एका मसाले विक्रेत्यांच्या वेबसाइटची रंगसंगती ठरवताना त्यांच्या पाकिटावरचा हळदीचा पिवळा, म्हणजे `#F2A900`, कायम ठेवणे आवश्यक होते. पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर त्याच रंगात लिहिलेली किंमत लक्ष्मी रस्त्यावरच्या दुपारच्या उन्हात फोनवर दिसतच नव्हती. कारण मोजता येते: या दोन रंगांतील कॉन्ट्रास्ट जेमतेम 2:1 भरतो, आणि सुवाच्यतेच्या WCAG निकषानुसार साध्या मजकुराला किमान 4.5:1 लागतो. अशा वेळी पिवळा गडद करत नेऊ नये, कारण तो मातकट होतो आणि ओळखच पुसली जाते. आम्ही पिवळा पार्श्वभूमीला आणि बटणांना दिला, अक्षरांसाठी गडद तपकिरी `#3B2314` घेतला. पिवळ्यावर तो सुमारे 7:1 भरतो, पांढऱ्यावर 14:1 च्या पुढे जातो. याहून अधिक रंगांची गरज पडली नाही.

अक्षरांसाठी मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट निवडला, कारण त्यात देवनागरी आणि रोमन एकाच घडणीची आहेत.

```css
body { font: 400 17px/1.6 'Mukta', sans-serif; letter-spacing: 0; }
```

इंग्रजीसाठी पुरणारे 1.3 चे ओळअंतर मराठीला तोकडे पडू शकते, कारण वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांटीला आणि रफाराला भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढवले, तर शिरोरेखा तुटते. म्हणून चाचणीसाठी ‘कुटुंबाच्या’ या शब्दाखाली ‘दिवाळीपूर्वी’ येईल अशा दोन ओळी स्वस्तातल्या फोनवर, उजेडात धरून वाचाव्यात.