रडार चार्टमध्ये एकच खेळाडू फुगलेला दिसत होता

फुटबॉलमधल्या दोन मिडफिल्डरची तुलना करत होतो. सहा निकष, प्रत्येकाचं ९० मिनिटांमागचं प्रमाण आणि त्याच जागी खेळणाऱ्यांमधलं पर्सेंटाइल. पांडाजमध्ये ते `rank(pct=True) * 100` ने निघतं. चेंडू गमावण्यासारख्या उलट्या निकषाला `rank` मध्ये `ascending=False` जोडायचं.

दोघांचेही तीन निकष ९० वर आणि तीन ३० वर होते. तरी चार्टवर पहिला भलताच मोठा दिसे. रडारमधल्या आकाराचं क्षेत्रफळ शेजारशेजारच्या अक्षांवरच्या आकड्यांच्या गुणाकारांच्या बेरजेवर ठरतं. पहिल्याचे तिन्ही ९० सलग आले होते, त्याची बेरीज २३,४००. दुसऱ्याचे एकाआड एक, म्हणून १६,२००. आकडे तेच, पण आकार ४४ टक्के मोठा! अक्षांचा क्रम बदलून दुसऱ्याचे ९० सलग आणले, तर पारडं उलटलं: तो २३,४०० वर, पहिला १९,८०० वर.

मग रडार सोडून प्रत्येक निकषाला एक आडवी ओळ दिली आणि तिच्यावर दोन ठिपके. शेजारी मूळ आकडाही छापला, कारण पर्सेंटाइल फक्त क्रम सांगतं. मधल्या पट्ट्यात खेळाडूंची दाटी असते. तिथे सामन्यामागे अर्ध्या टॅकलचा फरकही वीस पायऱ्यांची उडी दाखवू शकतो. वरच्या टोकाला उलट, ९७ आणि ९९ मध्ये प्रत्यक्षात दरी असू शकते. रडारच हवा असा कुणी हट्ट धरलाच, तर मी निदान आतला रंग तरी काढून टाकतो.