मीटर ब्रिज: बॅलन्स पॉइंट मधे आणा, मग गणित करा

बारावीच्या प्रॅक्टिकलला मीटर ब्रिज आला की आमच्या नांदेडकडची पोरं आधी सूत्र आठवतात. सूत्र सोपं आहे. डाव्या गॅपमध्ये अज्ञात रोध X, उजव्या गॅपमध्ये रेझिस्टन्स बॉक्समधला R, आणि जॉकी डावीकडून l सेंटिमीटरवर असताना गॅल्व्हनोमीटरचा काटा हलत नसेल तर

X / R = l / (100 − l)

म्हणजे तारेच्या दोन तुकड्यांच्या लांबीचं जे गुणोत्तर, तेच दोन गॅपमधल्या रोधांचं. काटा हलत नाही तेव्हा गॅल्व्हनोमीटरच्या दोन्ही टोकांचं विभव सारखं असतं, त्यातून वीजप्रवाह जातच नाही. म्हणून त्याचा स्वतःचा रोध किती, हे विचारायची गरज पडत नाही. सेल थोडा उतरलेला असला तरी उत्तर तेच येतं, फक्त काटा जरा मंद हलतो. खरी अडचण सूत्राच्या अलीकडे असते.

सर्किट जोडलं की लगेच बॅलन्स शोधायला जाऊ नका. जॉकी आधी डाव्या टोकाजवळ टेकवा, मग उजव्या. काटा दोन वेळा दोन विरुद्ध बाजूंना गेला पाहिजे. दरवर्षी कुणीतरी हाक मारतंच, "सर, काटा एकाच साईडला पळायलाय!" तेव्हा मी जॉकी ठिकठिकाणी टेकवत डावीकडून उजवीकडे न्यायला सांगतो. काट्याचं हलणं कमी होत होत उजव्या टोकाला शून्य झालं, तर डाव्या गॅपमधली जोडणी तुटलेली आहे. डाव्या टोकाला शून्य होत असेल, तर उजव्या गॅपमधली. काटा कुठेच हलत नसेल तर सेल, की किंवा गॅल्व्हनोमीटरच्या वायरी बघा. बहुतेकदा वायरीच्या टोकावरचं इनॅमल घासून काढलेलं नसतं.

जॉकी तारेवर घासत नेऊ नका. उचलायची, टेकवायची. घासल्याने तार मधेमधे बारीक होते, आणि सगळं सूत्र तर तार सगळीकडे सारखी जाड आहे या गृहीतावर उभं आहे. काटा मुळातच शून्यापासून एखादं घर सरकलेला असू शकतो. म्हणून तो शून्यावर आहे का हे बघू नका, टेकवल्यावर हलतो का एवढंच बघा. सुरुवातीला गॅल्व्हनोमीटरसोबत एकसर मोठा रोध ठेवा, बॅलन्स जवळ आला की काढा.

आता मुख्य गोष्ट, R किती घ्यायचा? एकच कॉइल दोन वेगवेगळ्या R ने मोजली तेव्हाचे हे आकडे बघा. R = १ ओहम घेतला तेव्हा बॅलन्स ७८.२ वर आला, म्हणजे X = ७८.२ ÷ २१.८ = ३.५९. मग X आणि R च्या गॅप बदलल्या. आता बॅलन्स २२.२ वर, आणि X = ७७.८ ÷ २२.२ = ३.५०. सरासरी ३.५५.

त्याच कॉइलला R = ४ घेतल्यावर बॅलन्स ४६.७ वर, X = ३.५०. गॅप बदलल्यावर ५३.७ वर, X = ३.४५. सरासरी ३.४८.

कॉइल तीच, तरी उत्तरात एवढा फरक का? तारेची टोकं तांब्याच्या पट्टीला जिथे जोडलेली असतात तिथे थोडा जास्तीचा रोध असतो, आणि मोजपट्टीचा शून्य तारेच्या टोकाशी नेमका जुळलेलाही नसतो. याला एंड करेक्शन म्हणतात. वरच्या दोन्ही वेळा गॅप बदलल्यावर X च्या बाजूची लांबी ०.४ सेंटिमीटरने कमी भरली, म्हणजे उजव्या टोकाचा दोष डाव्यापेक्षा तेवढा जास्त आहे. गॅप बदलून सरासरी घेतली की दोन टोकांमधला हा फरक जवळपास निघून जातो. पण दोन्ही टोकांना जेवढा दोष सारखा आहे, तेवढा गॅप बदलून जात नाही. तो फक्त बॅलन्स मध्यावर असतानाच निष्प्रभ होतो, कारण तिथे दोन्ही बाजूंत सारखीच भर पडते. प्रॅक्टिकलला आलेले बरेच जण हे विसरतात आणि गॅप बदलली म्हणजे सगळं झालं असं समजतात.

वाचनातली चूकही मधेच कमी नडते. ५० सेंटिमीटरजवळ एक मिलिमीटरची चूक X मध्ये सुमारे ०.४ टक्के फरक पाडते, आणि १० किंवा ९० जवळ तीच चूक १ टक्क्याच्या वर जाते. म्हणून पहिलं वाचन फक्त अंदाजासाठी घ्या. त्यातून X साधारण किती ते कळलं की R त्याच्या जवळचा निवडा आणि बॅलन्स ४० ते ६० च्या दरम्यान आणा. तक्त्यात लिहायची वाचनं तिथून पुढची.

R लहान असताना आणखी एक बघा. बॉक्समधला प्लग उपटला की त्याचा रोध सर्किटमध्ये येतो, पण बाकीचे प्लग ढिले असतील तर त्यांचा संपर्करोधही गुपचूप मिसळतो. १ ओहमच्या मापात ०.०५ ओहम म्हणजे सरळ ५ टक्के. म्हणून दरवेळी उरलेले सगळे प्लग पिळून घट्ट करा, आणि मगच जॉकी हातात घ्या.