‘स्टेबल म्हणजे काय गं?’ : वॉर्डमधली ओव्हर आणि ती लिहायची पद्धत

जीएनएम करताना आम्हाला रिपोर्ट लिहायला शिकवलं होतं. चार्टही भरून घ्यायचे. पण दुपारची ड्युटी संपवून रात्रीच्या सिस्टरला ओव्हर देताना नेमकं काय लिहायचं, ते मला पहिल्या नोकरीत एका रात्री कळलं आणि त्यात चूक माझीच होती. नुकत्याच वॉर्डमध्ये लागलेल्या मुलींसाठी ती गोष्ट आधी सांगते.

वॉर्ड सर्जरीचा, खाटा अठ्ठावीस. सात नंबरला अठ्ठावन्न वर्षांचे काका होते. हर्नियात आतडं अडकून काळं पडलेलं, म्हणून तेवढा भाग काढून आतडं जोडलेलं. ऑपरेशनचा चौथा दिवस. पोटात ड्रेन, लघवीची नळी, सलाईन चालू. माझी ड्युटी दोन ते आठ. साडेसातला घाईघाईत ओव्हर बुकात लिहिलं, ते असं: ‘बेड ७, पोस्ट ऑप डे ४, पेशंट स्टेबल. व्हायटल्स ठीक. युरिन २२०, ड्रेन ६०. इंजेक्शन्स दिली. ब्लड पाठवलं आहे.’

एकही शब्द खोटा नव्हता. रात्रीच्या सिस्टर पंधरा वर्षं त्याच वॉर्डात काढलेल्या. त्यांनी वाचलं आणि विचारलं, “स्टेबल म्हणजे काय गं?” मी म्हटलं, “ताई, बीपी ११२/७४ आहे, ताप नाही.” त्या म्हणाल्या, “आणि दोन वाजता किती होतं?” मला चार्ट उघडावा लागला.

चार्टवर सगळं होतं, मीच लिहिलेलं. नाडी दोन वाजता ८८, पाचला ९८, साडेसातला ११२. श्वास १८, मग २०, मग २४. बीपी १२६ वरून १२० आणि मग ११२. युरोबॅग मी साधारण दर दोन तासांनी मोजत होते: ११०, मग ७०, मग ४०. बेरीज २२०, बरोबर. काकांचं वजन साठ किलोच्या आसपास. मोठ्या माणसाला तासाला किलोमागे अर्धा मिली तरी लघवी व्हावी असा ढोबळ हिशोब आहे, म्हणजे यांना दोन तासांत साठ. शेवटच्या दोन तासांत ती त्याखाली गेली होती. माझ्या बेरजेनं नेमकं तेच झाकलं. ताप नव्हता, कारण चारला पॅरासिटामॉलची ड्रिप दिली होती. तेही मी ‘इंजेक्शन्स दिली’ या दोन शब्दांत गुंडाळलं होतं.

“ड्रेनचा रंग?” ताईंनी विचारलं. मी साठ मिली मोजले होते, ओतलेही होते, रंगाकडे लक्षच दिलं नव्हतं. आम्ही दोघी खाटेपाशी गेलो. नळीत सकाळी लालसर पाण्यासारखं दिसत होतं, आता गढूळ, हिरवट तपकिरी होतं आणि त्याला वास येत होता. काका म्हणाले, “सिस्टर, पोट गच्च झालंय, मघाशी या मुलीला सांगितलं होतं.” सांगितलं होतंच. मी गॅस असेल म्हणून सोडून दिलं होतं.

आतडं जोडल्यावर साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात जोड सुटण्याची भीती असते. अशा वेळी बीपी बऱ्याचदा उशिरा पडतं. नाडी आणि श्वास आधी वाढतात, लघवी कमी होते, पोट फुगतं. ताईंनी पावणेनऊला निवासी डॉक्टरांना फोन केला, मध्यरात्रीनंतर काकांना पुन्हा ओटीत घेतलं. जोड सुटलेलीच होती. पोटावर स्टोमा काढून ते पुढे घरी गेले. ताईंनी ‘स्टेबल’ हा शब्द तसाच गिळला असता, तर रात्रीचे पुढचे व्हायटल्स आमच्या पद्धतीप्रमाणे बारा वाजता झाले असते.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मला तीच नोट, आदल्या दिवशी वेळेवर सगळं बघून फोन केला असता तर कशी झाली असती तशी, पुन्हा लिहायला लावली. आम्ही लिहितो इंग्रजीत. इथे मराठीत देते:

‘बेड ७, पुरुष, ५८. अडकलेल्या हर्नियासाठी आतडं कापून जोडलं, आज चौथा दिवस. मधुमेह नाही, कशाची ॲलर्जी नाही.
दुपारी २ ते ७:३० : नाडी ८८–९८–११२, श्वास १८–२०–२४, बीपी १२६/८०–१२०/७८–११२/७४. ४ वाजता पॅरासिटामॉल १ ग्रॅम दिलं, त्यानंतर ९९ फॅ. लघवी दोन-दोन तासांची ११०–७०–४०. ड्रेन ६० मिली, सकाळी लालसर, आता गढूळ हिरवट, वास आहे. पोट गच्च वाटतं असं पेशंट ६ वाजल्यापासून सांगतो.
काळजी: जोड सुटली असेल का. डॉक्टरांना ७:३५ ला फोन, ते बघायला येत आहेत. तोंडाने काही देऊ नका म्हणाले.
बाकी: ६:१५ ला सीबीसी आणि क्रिएटिनिन पाठवलं, रिपोर्ट आलेला नाही, ८:३० ला लॅबला विचारा. ७ ला लावलेलं आरएल ३५० मिली शिल्लक. पुढचे व्हायटल्स ८:३० ला, लघवी दर तासाला.’

लांब वाटते, पण ही वॉर्डातल्या सगळ्यात आजारी माणसाची नोट आहे. उद्या डिस्चार्ज असलेल्या पोरासाठी दोन ओळी खूप झाल्या. सगळ्या अठ्ठावीस जणांना सारखी जागा दिली, की सात नंबर त्या गर्दीत हरवतो. मी आता वॉर्डातले तीन-चार आजारी पेशंट आधी लिहिते आणि ओव्हरही त्यांच्याच खाटेपासून सुरू करते, मग बाकीचे क्रमाने.

काही रुग्णालयांत ‘एसबार’चा छापील तक्ता असतो: सध्या काय चाललंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करायला हवं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरच्या पद्धतीवरून ती दवाखान्यांत आली असं सांगतात. तक्ता चांगला आहे, पण नवी मुलगी तिसरा रकाना रिकामा ठेवते. ‘मला काय वाटतं’ लिहायला भीती वाटते, कारण निदान डॉक्टरांचं. पण ‘नाडी चढतेय, पोट गच्च आहे, मला ठीक वाटत नाही’ हे काही निदान नव्हे. ते लिहिणं नर्सचंच काम, कारण सहा तास त्या खाटेपाशी तीच होती.

आता बाकी राहिलेल्या कामांबद्दल. ‘ब्लड पाठवलं आहे’ या वाक्यात निदान चार वेगवेगळ्या गोष्टी लपतात: सॅम्पल घेतलं का, लॅबमध्ये पोचलं का, रिपोर्ट आला का, आणि आलेला रिपोर्ट डॉक्टरांना कळला का. पोटॅशियम २.९ आल्याचा कागद फाइलला टाचून ठेवलाय आणि कुणीच डॉक्टरांना सांगितलं नाही, असं मी पाहिलंय. दुपारवालीला वाटलं, रात्रवाली सांगेल. रात्रवालीला वाटलं, टाचलाय म्हणजे सांगितलंच असणार. म्हणून आता मी काम कुठे अडकलंय ते लिहिते आणि पुढची वेळ घालते. ‘रिपोर्ट बघणे’ असं लिहिलं तर ते कुणाचंच काम राहत नाही. ‘८:३० ला लॅबला विचारा, पोटॅशियम ३ च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांना फोन’ असं लिहिलं की ते रात्रवालीचं होतं. हा आकडा आपल्या मनाचा घालायचा नाही, डॉक्टरांना विचारून घालायचा.

जे केलं नाही, तेही कारणासह लिहायचं. ‘६ चं अँटिबायोटिक दिलं नाही, व्हेन निघाली, नवीन कॅन्युला ७:४० ला लागली, आता द्यायचं.’ नव्या मुली हे लपवतात, इन्चार्ज ओरडतील म्हणून. ओरडतीलही. पण लपवलं तर डोस बुडतो किंवा दोनदा पडतो. आणि आठचे व्हायटल्स सातला लिहून मोकळं होऊ नका. हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झालाय.

इन्सुलिन, पोटॅशियम, हेपॅरिन चालू असेल तर कागदावर भागत नाही. दोघींनी खाटेपाशी उभं राहून बाटलीवरचं लेबल, पंपाचा वेग आणि ऑर्डर ताडून बघायची. इन्सुलिन लिहिताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा. नुसतं इंग्रजी U घाईत काढलं की शून्यासारखं दिसतं, आणि 10U चे 100 वाचले जातात. शुगर तपासल्याची, इन्सुलिन दिल्याची आणि जेवण झाल्याची वेळ शेजारीशेजारी हवी. ‘इन्सुलिन दिलं’ वाचून पुढची सिस्टर निर्धास्त होते, आणि डबा आलेलाच नसतो.

धोक्यांचा रकाना छापील असला तर त्यात सगळ्यांपुढे ‘फॉल रिस्क’ची खूण केलेली दिसते. अशी खूण कुणी वाचत नाही. त्यापेक्षा ‘१४ नंबरच्या आजी रात्री दोनच्या सुमारास एकट्याच संडासला उठतात, काल उठल्या होत्या, मावशींना सांगून ठेवलंय, रेलिंग वर’ असं एका माणसाचं लिहा. एकाच आडनावाचे दोन पेशंट शेजारी आले असतील तर ते तर मोठ्या अक्षरात. आणि ‘नातेवाईक त्रासदायक’ असलं काही लिहू नका. मुलगा सारखा येऊन काय विचारतोय ते लिहा. बऱ्याचदा त्याच्या विचारण्यात काहीतरी असतं. सात नंबरच्या काकांच्या बायकोनेही त्या दिवशी दोनदा येऊन सांगितलं होतं, ‘हे आज बोलेनातच.’

ओव्हर घेणारीचंही काम आहे. चादर बाजूला करा, कॅन्युलाची जागा बघा, पाठ वळवून बघा, युरोबॅग दोघींच्या समोर मोजून रिकामी करा, सलाईनच्या बाटलीवर टेप लावून पातळी आणि वेळ लिहा. औषधाचा डोस आणि वेळ आपल्या तोंडाने परत म्हणा. चूक असेल तर समोरची तिथेच टोकते. इतकं सगळ्यांचं होत नाही, वॉर्ड भरलेला असला तर अजिबात होत नाही. निदान आजारी तिघांचं तरी करा. ताईंचा एक प्रश्न मी अजून रोज विचारते: “आज रात्री मला कुणासाठी फोन करावा लागेल, असं तुला वाटतं?” सहा तास काढलेल्या मुलीला याचं उत्तर बहुतेक माहीत असतं. बुकात लिहायला मात्र ती कचरते.

लिहायला सात वाजता बसा. साडेसातला बसलात की बस दिसायला लागते आणि ‘स्टेबल’ आपोआप उमटतं. खिशातल्या चिठ्ठीवर दिवसभर आकडे टिपून ठेवले तर सोपं जातं, पण ती चिठ्ठी घरी नेऊ नका आणि तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. त्यावर माणसांची नावं आणि आजार असतात. आमच्याकडे निघताना ती फाडून वॉर्डातच टाकायची पद्धत आहे.