ऑपरेशनच्या मदतीचं कॅप्शन: आकडा आणि तारीख फोटोवरच टाका

लहान मुलाच्या ऑपरेशनसाठी ट्रस्टचं आवाहन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं की फोटो पुढे जातो, कॅप्शन मागेच राहतं, आणि पैसे जमल्यावरही सहा महिने फोन येत राहतात.

१. हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं, सहीशिक्क्याचं एस्टिमेट हातात घ्या, मगच लिहायला बसा.

२. नुसता एकूण खर्च नको, वजाबाकी दाखवा. समजा पंचवटीतल्या ४ वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे, मग असं लिहा: "खर्च ३,२०,०००, ट्रस्टचे ८०,०००, घरचे ४०,०००, अजून हवेत २,००,०००." सरकारी योजनेतून काही मंजूर झालं असेल तर तेही यातच वजा करा, लोक पहिलं तेच विचारतात.

३. क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर जे नाव येतं तेच अक्षरन्‌अक्षर लिहा, खाली "दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका", कारण फोटो तोच ठेवून क्यूआर बदलणारे असतात.

४. आकडा, शेवटची तारीख, ट्रस्टचा नंबर फोटोवरच टाका. रक्कम जमली की त्याच ग्रुप्सवर "पूर्ण" लिहिलेला फोटो.

मुलीचं आधार किंवा पूर्ण रिपोर्ट मात्र टाकू नका, मागणाऱ्याला ऑफिसात दाखवा.