मुंबईपर्यंत 47 जागा, चिपळूणपर्यंत वेटिंग: तिकीट काढताना या चुका टाळा

आमची आत्या पेडण्याची आणि तिची लेक चिपळूणला दिलेली. चवथ झाली की आत्याला लेकीकडे जायची ओढ लागते आणि तिकिटाचं काम माझ्या गळ्यात पडतं. मडगावहून सकाळी सुटणारी मुंबईची गाडी, स्लीपर, थिवीला चढायचं. थिवी ते चिपळूण टाकून बघितलं तर स्क्रीनवर PQWL9/WL6. आत्या शेजारीच बसली होती. म्हणाली, "मुंबईपर्यंत बघ जरा." तीच गाडी, तोच दिवस, थिवी ते मुंबई. आता AVAILABLE-0047.

"सत्तेचाळीस जागा रिकाम्या आणि मला एक देत नाहीत? गाडी चिपळूणवरूनच जाते ना रे?"

प्रश्न चोख होता. यावर बहुतेकांची उत्तरं दोनच असतात: साईट बिघडली आहे, नाहीतर एजंटांनी जागा अडवल्या आहेत. मग लोक पान पुन्हा पुन्हा ताजं करत बसतात किंवा रागाने वेटिंगचं तिकीट काढून मोकळे होतात. आत्याच्या बाबतीत यातलं काहीच कारण नव्हतं.

पहिली चूक: दोन्ही आकडे जागांच्या एकाच साठ्याबद्दल आहेत असं समजणं

आरक्षणाचा संगणक गाडीतल्या सगळ्या जागा एका ढिगात ठेवत नाही. प्रत्येक गाडीच्या जागा आधीच वेगवेगळ्या कोट्यांत वाटलेल्या असतात आणि कोणत्या स्टेशनापासून कोणत्या स्टेशनापर्यंतच्या प्रवाशाला कोणत्या कोट्यातून जागा द्यायची हेही ठरलेलं असतं. मोठा वाटा जनरल कोट्याचा. तो साधारणपणे गाडी जिथून सुटते तिथून किंवा त्याच्या आसपासच्या स्टेशनांवरून निघून शेवटच्या स्टेशनापर्यंत किंवा त्याच्या जवळपास जाणाऱ्यांसाठी असतो. मधल्या मोठ्या स्टेशनांना त्यांचा स्वतःचा छोटा वाटा मिळतो. त्याच्या वेटिंगला RLWL लिहितात. उरलेल्या मधल्या स्टेशनांचा मिळून एक सामायिक वाटा असतो, तो पूल्ड कोटा, आणि त्याचं वेटिंग म्हणजे PQWL. यांपैकी कशातच न बसणाऱ्या मधल्या टप्प्याला RQWL दिसतं.

म्हणजे मी थिवी ते मुंबई विचारलं तेव्हा संगणकाने जनरल कोट्यात डोकावून 47 सांगितले. थिवी ते चिपळूण विचारलं तेव्हा तो पूल्ड कोट्यात गेला, आणि तिथे आत्याच्या आधीच सहाजण उभे होते. गंमत अशी की जागा शिल्लक असते तेव्हा स्क्रीनवर फक्त AVAILABLE येतं, कोट्याचं नाव येत नाही. ते नाव वेटिंग लागल्यावरच दिसतं. त्यामुळे आपण दोन वेगळ्या ठिकाणी चौकशी केली हे कळतच नाही.

हा आडमुठेपणा कशासाठी, तेही बघू. समजा आत्याला त्या 47 मधला 34 नंबरचा बर्थ चिपळूणपर्यंत दिला. चिपळूणपासून मुंबईपर्यंत तो रिकामा झाला. तो भरायला तिथे चढणारा माणूस हवा, पण चिपळूणकरांना त्यांच्या वाट्यातले दुसरे बर्थ आधीच दिलेले असतात. उद्या मडगावहून थेट मुंबईला जाणारा आला तर त्याला 34 नंबर देता येणार नाही, कारण अर्ध्या वाटेवर तिथे आत्या बसलेली आहे. थोडक्यात, अर्ध्या भाड्यासाठी पूर्ण भाड्याचं गिऱ्हाईक जाण्याची भीती. म्हणून छोट्या टप्प्याच्या प्रवाशांना एका सामायिक वाट्यात एकत्र ठेवतात: एकजण कणकवलीला उतरला की त्याच बर्थवर कणकवलीहून पुढे जाणारा दुसरा बसवता यावा. कागदावर हे शहाणपणाचं आहे. पण तो वाटा लहान असतो आणि सुट्ट्यांत सगळ्यांत आधी संपतो.

दुसरी चूक: वेटिंगचा नुसता आकडा बघणं

"फक्त सहाच तर आहे, होऊन जाईल," असं आत्याचे यजमान म्हणाले. PQWL9/WL6 याचा अर्थ असा: या यादीत आतापर्यंत 9 पर्यंत नंबर दिले गेले, आणि काहीजणांना जागा मिळून किंवा त्यांनी तिकीट रद्द करून रांग आता 6 वर आली आहे. कामाचा आकडा दुसरा.

पण सहा हे कोणाच्या रांगेतले सहा? जनरलची रांग, म्हणजे GNWL, मोठ्या कोट्यावर चालते. तिथे रोज कोणी ना कोणी तिकीट रद्द करतो, त्यामुळे GNWL 25 सुद्धा सुटू शकतं. पूल्ड कोट्याची रांग त्याच छोट्या वाट्यातल्या रद्द तिकिटांवर पुढे सरकते. तिथले सहा जड असतात.

याला एक अपवाद आहे आणि तो उपयोगी पडतो. चार्ट, म्हणजे कोणाला कोणता बर्थ याची यादी, लागताना जनरलमध्ये न विकलेल्या जागा उरल्या असतील तर त्या इतर याद्यांतल्या लोकांच्या कामी येऊ शकतात. म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशीसुद्धा लांबच्या टप्प्याला भरपूर AVAILABLE दिसत असेल तर छोट्या टप्प्याच्या वेटिंगला बरी आशा असते. महिनाभर आधी दिसणारे 47 मात्र धरू नका. 1 नोव्हेंबर 2024 पासून आगाऊ आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं; चवथ, दिवाळी, नाताळ यांच्या तोंडावर 47 चे शून्य व्हायला फार वेळ लागत नाही. आणि ऑनलाईन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. ते दाखवून डब्यात चढता येत नाही.

तिसरी चूक: टप्पा नको त्या टोकाला वाढवणं

लांबचं तिकीट काढून मध्येच उतरणं नियमात बसतं. प्रश्न एवढाच, किती लांबचं आणि कुठल्या बाजूने.

आत्याची गाडी मडगावला सुरू होते आणि थिवी मडगावच्या जवळ. म्हणजे चढण्याचं टोक ठीक होतं, अडचण उतरण्याच्या टोकाची. म्हणून चढण्याचं स्टेशन थिवीच ठेवलं आणि उतरण्याचं एकेक पुढे नेलं. चिपळूणला PQWL, खेडला PQWL, पनवेलला AVAILABLE. तिथेच थांबलो. ठाणे, दादर, मुंबईपर्यंतचे पैसे भरायची गरज नव्हती. अंतर वाढेल तसा दर किलोमीटरचा भाव उतरत जातो, त्यामुळे पनवेल आणि चिपळूण यांच्या भाड्यातला फरक वाटतो तेवढा मोठा नसतो. तरी तो आपला आपण बघून घ्यावा, एसीत खिशाला जास्त लागतो.

परतीला हेच गणित उलटं होतं आणि इथे बरेचजण फसतात. चिपळूणहून थिवीला यायचं, गाडी मुंबई ते मडगाव. वेटिंग दिसलं की आपण सवयीने पुढचं स्टेशन टाकतो: थिवीऐवजी करमळी, मग मडगाव. बहुतेक वेळा काहीच बदलत नाही, कारण थिवी आधीच शेवटच्या टोकाजवळ आहे. आता अडलंय चढण्याच्या टोकाला. तिकीट पनवेल किंवा ठाण्यापासून काढून बघायचं आणि चढण्याचं ठिकाण चिपळूण ठेवायचं.

गाडी मुळात गोव्यातून सुटत नसेल, उदाहरणार्थ तिरुवनंतपुरमहून येणारी नेत्रावती, तर मडगाव, थिवी आणि चिपळूण सगळीच मधली स्टेशनं. तिथे दोन्ही टोकं ओढून तिकीट काढणं महागात पडतं. मी अशा वेळी सरळ मडगावहून सुटणारी दुसरी गाडी शोधतो.

प्रवासाचे दोन तुकडे करायची युक्तीही लोक सांगतात: थिवी ते रत्नागिरी एक तिकीट, रत्नागिरी ते चिपळूण दुसरं. तरुणांनी करावं. सत्तरीच्या बाईला रत्नागिरीला पिशव्या घेऊन दुसऱ्या डब्यात पाठवण्यापेक्षा पनवेलचा फरक भरलेला परवडतो.

चौथी चूक: चढण्याचं ठिकाण बदलायला विसरणं

ही सगळ्यांत महाग चूक, आणि ती आमच्या घरातच झाली. परतीच्या अशाच एका प्रवासासाठी माझ्या भावाने तिकीट ठाण्यापासून काढलं आणि चिपळूणला चढला. बोर्डिंग स्टेशन ठाणेच राहिलं होतं. ठाण्याला तो आला नाही, पुढेही दिसला नाही, म्हणून टीटीईने गैरहजर लिहून बर्थ अर्ध्या सीटवर बसलेल्या आरएसीवाल्याला दिला होता. तिकीट कन्फर्म, पैसे ठाण्यापासूनचे, आणि भाऊ थिवीपर्यंत दाराशी उभा. टीटीईची यात चूक नव्हती.

बुकिंग करतानाच, प्रवाशांची नावं भरायच्या पानावर, Boarding Station निवडता येतं. तिथे चिपळूण निवडायचं, की काम झालं. तेव्हा राहून गेलं तर नंतरही बदलता येतं, पण ठरलेल्या मुदतीत आणि एकदाच, म्हणून शेवटच्या दिवसावर टाकू नये. एकदा बदललं की आधीच्या स्टेशनावरून चढायचा हक्क जातो. म्हणजे चिपळूण करून ठेवलं आणि ऐनवेळी मामाकडे ठाण्याला मुक्काम झाला, तर तिथून चढता येणार नाही.

एवढ्या लांबचे पैसे भरायचेच नसतील तर आणखी एक वाट आहे. पहिला चार्ट लागल्यावर उरलेल्या जागा करंट बुकिंगला खुल्या होतात आणि गाडी सुटण्याच्या थोडं आधी दुसरा चार्ट लागेपर्यंत मिळू शकतात. तेव्हा कधी कधी छोट्या टप्प्यालाही जागा दिसते. जाणं-न जाणं दोन्ही चालणार असेल तरच यावर विसंबावं. आत्याने ऐकताक्षणीच नको म्हटलं.

तिचं पनवेलचं तिकीट काढलं. चिपळूणपुढच्या प्रवासाचे पैसे परत मिळत नाहीत हे सांगितल्यावर तिने तोंड वाकडं केलं, पण कबूल झाली. निघताना एवढंच बजावलं की टीटीई तिकीट बघायला आला की त्याला सांग, मी चिपळूणला उतरणार आहे. तो हातातल्या यंत्रात नोंद करून चिपळूणपुढे तो बर्थ आरएसीतल्या कोणाला देऊ शकतो. आत्याने पोचल्यावर फोन केला. टीटीईला तिने सांगितलं होतंच, शिवाय रत्नागिरीपासून बाजूच्या अर्ध्या सीटवर अवघडून बसलेल्या एका बाईला तिने स्वतःच बोलावून पायाशी जागा दिली होती.